वर्गशिक्षिकेला पत्र: बद्धकोष्ठता असलेल्या मुलासाठी नेमकं काय मागावं

«डॉक्टर, माझा मुलगा सोहम सात वर्षांचा आहे, दुसरीत शिकतो, वजन २२ किलो. दीड वर्षापासून त्याला बद्धकोष्ठता आहे, तीन-चार दिवस शी होत नाही आणि झाली की रडतो. दोन महिन्यांपासून पावडरचं औषध चालू आहे. शाळा नऊ ते तीन. तास चालू असताना बाई सोडत नाहीत, "मधल्या सुट्टीत जायचं" असा नियम आहे. गेल्या आठवड्यात दोनदा त्याची चड्डी खराब झाली, मुलं हसली, आणि बाई मला म्हणाल्या की एवढ्या मोठ्या मुलाला कळायला हवं. मला बाईंना पत्र लिहायचं आहे, पण त्या दुखावल्या तर राग मुलावर निघेल अशी भीती वाटते. काय लिहू आणि काय मागू?»

पत्र जरूर लिहा. फक्त त्यात "तो मागेल तेव्हा त्याला सोडा" एवढंच मागू नका. अशी परवानगी मिळालेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत, आणि महिनाभरानंतरही त्यांची चड्डी खराब होतच असते. कारण सोहमसारखं मूल मागतच नाही. लाज हे त्याचं एक कारण, पण मोठं कारण असं की अनेकदा त्याला शी आल्याचं कळतच नाही. म्हणून बाईंकडे दोन गोष्टी मागायच्या: मागितल्यावर लगेच सोडणं, आणि न मागताही रोज एका ठरलेल्या वेळी पाठवणं. माझ्या अनुभवात दुसऱ्या गोष्टीचा उपयोग पहिलीपेक्षा जास्त होतो.

असं का होतं ते आधी तुम्हाला नीट समजायला हवं, म्हणजे बाईंना तीन-चार वाक्यांत सांगता येईल. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे गुदाशय, एरवी रिकामा असतो. मळ तिथे उतरला की भिंत ताणली जाते आणि "जायला हवं" अशी जाणीव होते. ती दाबून धरली तर काही मिनिटांत निघून जाते, मळ मात्र तिथेच राहतो. आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, मळ कडक होतो, पुढच्या वेळी दुखतं. दुखलेलं मूल त्यापुढच्या वेळी आणखी घट्ट धरून ठेवतं. असं महिनोन्महिने चाललं की गुदाशय सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखा होतो: बराच मळ साठला तरी ताण जाणवत नाही, म्हणून मेंदूपर्यंत निरोपही पोचत नाही. मग साठलेल्या कडक गोळ्याच्या कडेने वरचा पातळ मळ झिरपतो आणि चड्डीला लागतो. हे झिरपणं सोहमच्या ताब्यात नाही. बऱ्याच मुलांना त्याचा वासही येत नाही, कारण नाक त्या वासाला सरावलेलं असतं. "एवढा वास येतोय आणि तू गप्प बसलास?" हा शिक्षकांचा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, पण मूल खोटं बोलत नसतं.

यात बाईंच्या नियमाची भूमिका छोटी असली तरी नेमकी आहे. ज्या दिवशी सोहमला खरोखर जाणीव होते, त्या दिवशी त्याच्या हातात काही मिनिटंच असतात. "तास संपू दे, मग जा" म्हटलं की तास संपेपर्यंत जाणीव गेलेली असते, आणि सोडलं तरी शी होत नाही. मग बाईंना वाटतं की उगाच बहाणा करत होता. हे एक वाक्य पत्रात हवंच. बहुतेक शिक्षक ते वाचून लगेच बदलतात, कारण त्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, फक्त अर्थ वेगळा लावलेला असतो.

आता पत्र देण्याआधीचं एक काम. दोन महिने पावडर घेऊनही चड्डी खराब होत असेल, तर आत साठलेला जुना मळ अजून निघालेला नसण्याची शक्यता बरीच आहे. तो निघाल्याशिवाय शाळेने कितीही सवलत दिली तरी झिरपणं थांबणार नाही. तुमची पावडर पॉलिएथिलीन ग्लायकॉल असेल, तर तिच्या दोन मात्रा असतात. साठलेलं काढायला दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम, तीन ते सहा दिवस; आणि नंतर रोजची चालू मात्रा, साधारण दर किलोमागे ०.४ ते ०.८ ग्रॅम. सोहमच्या वजनाला याचा अर्थ आधी रोज २२ ते ३३ ग्रॅम आणि नंतर रोज ९ ते १७ ग्रॅमच्या आसपास. बऱ्याच घरांत पहिला टप्पा झालेलाच नसतो, थेट चालू मात्रा दिली जाते, तीही शी पातळ झाली की थांबवली जाते. मात्रा स्वतः वाढवू नका, पण तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा: "आतला साठा निघाला आहे का? पोट तपासून सांगाल का?" साठा काढायचे दिवस लागोपाठच्या सुट्ट्यांत ठरवा, कारण त्या दिवसांत पातळ शी वारंवार होते, झिरपणं तात्पुरतं वाढतं आणि शाळेत पुन्हा फजिती होऊ शकते. सुट्टी मिळत नसेल तर शुक्रवारी संध्याकाळी सुरू करून सोमवार-मंगळवार रजा टाकलेली बरी.

जन्मानंतर पहिली काळी शी दोन दिवसांहून उशिरा झाली असेल, वजन वाढत नसेल, पोट सतत फुगलेलं असेल, हिरवी उलटी होत असेल किंवा पायांत अशक्तपणा असेल, तर ही नेहमीची बद्धकोष्ठता नसावी. अशा मुलाची तपासणी आधी, पत्र नंतर.

आता ठरलेली वेळ कोणती मागायची? जेवल्यावर मोठं आतडं आपोआप हालचाल करतं. म्हणून खाल्ल्यानंतरची पहिली पंधरा-तीस मिनिटं सर्वांत सोयीची. घरी ही वेळ सकाळच्या नाश्त्यानंतर मिळायला हवी. व्हॅन सव्वाआठला येत असेल तर सव्वासातला नाश्ता आणि साडेसातला शौचाला, पायाखाली पाट घेऊन, गुडघे कमरेच्या वर येतील असं, पाच ते दहा मिनिटं. भारतीय पद्धतीचं भांडं असेल तर उकिडवं बसण्याने हे आपोआप साधतं. मोबाईल नको, आणि "झाली का?" म्हणून दार वाजवणंही नको. शाळेत दुसरी वेळ डबा खाल्ल्यानंतरची. पण इथे एक व्यवहाराची गोष्ट बघा. मधल्या सुट्टीत शाळेच्या स्वच्छतागृहात रांग असते, दार ढकलणारी मुलं असतात, पाणी संपलेलं असतं. बद्धकोष्ठतेचं मूल या गर्दीत बसतच नाही. म्हणून "मधल्या सुट्टीत पाठवा" असं मागू नका. सुट्टी संपल्याची घंटा झाल्यावर, सगळी मुलं वर्गात गेल्यावर, पहिली दहा मिनिटं मागा. त्या वेळी स्वच्छतागृह रिकामं असतं, डबा खाऊनही फार वेळ झालेला नसतो, आणि बाई हजेरी किंवा वह्या घेत असतात, म्हणून फार अभ्यास बुडत नाही.

मागण्याआधी शाळेत जाऊन ते स्वच्छतागृह एकदा डोळ्यांनी पाहा. दाराला आतून कडी लागते का, नळाला पाणी आहे का, पाण्याचा मग आहे का, भांडं भारतीय आहे की कमोड, आणि त्याला ते वापरता येतं का. माझ्याकडे आलेल्या एका मुलीला बाई आनंदाने सोडायच्या, तरी ती जायची नाही. चौकशी केल्यावर कळलं की कडी तुटलेली होती आणि एका हाताने दार धरून ती बसूच शकत नव्हती. तिच्या वडिलांनी शाळेच्या परवानगीने कडी लावून दिली आणि आठवड्याभरात ती जायला लागली. अशा मुलांच्या बाबतीत अडचण बहुधा याच पातळीवर असते.

खाली पत्राचा मसुदा देतो. तुमच्या घरी जशी भाषा बोलता तशी बदलून घ्या, पण एका पानाच्या आत ठेवा.

प्रति,
वर्गशिक्षिका, इयत्ता दुसरी
विषय: सोहमच्या उपचारासाठी आपल्या मदतीची विनंती

सप्रेम नमस्कार बाई,

सोहमला जुनी बद्धकोष्ठता आहे आणि त्यावर डॉक्टरांचं औषध चालू आहे. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. गेल्या आठवड्यात वर्गात जे झालं त्याचा तुम्हाला आणि इतर मुलांना त्रास झाला, याची मला जाणीव आहे.

डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की बरेच दिवस मळ साठून राहिल्यामुळे त्याला शी आल्याचं नीट कळत नाही, आणि चड्डीला लागतं ते तो मुद्दाम करत नाही. कधी कळलंच, तर ती जाणीव काही मिनिटंच टिकते. तेव्हा थांबावं लागलं तर नंतर शी होत नाही आणि त्रास वाढतो.

तुमच्याकडून मला चार गोष्टींची मदत हवी आहे. मधली सुट्टी संपल्यावर रोज त्याला दहा मिनिटं शौचालयात पाठवावं, त्याने मागितलं नाही तरी. शी झाली नाही तरी काही विचारू नये. एरवी त्याने टेबलावर निळं कार्ड ठेवलं, तर वर्गासमोर न विचारता त्याला लगेच जाऊ द्यावं. तास चालू असतानाही त्याला बाटलीतलं पाणी पिऊ द्यावं. आणि कधी कपडे खराब झालेच, तर त्याला शांतपणे मावशींकडे पाठवावं. त्याच्या दप्तराच्या मागच्या कप्प्यात एका पिशवीत चड्डी, पँट, छोटा टॉवेल आणि रिकामी पिशवी ठेवली आहे. तो स्वतः बदलू शकतो, फक्त दाराबाहेर कुणीतरी असावं.

घरी आम्ही औषध, जेवण आणि सकाळी बसवण्याची वेळ पाळत आहोत. बरं व्हायला काही महिने लागतील आणि मधेमधे पुन्हा बिघडूही शकतं असं डॉक्टर म्हणाले आहेत. येत्या आठवड्यात तुमच्या सोयीने दहा मिनिटं भेटता आलं तर बरं होईल. तुम्हाला वर्गात काही अडचण वाटली तर मला जरूर फोन करा.

आपली नम्र,
(नाव आणि फोन नंबर)

या मसुद्यात काय नाही तेही पाहा. "तुम्ही सोडलं नाही म्हणून असं झालं" हे वाक्य नाही. ते खरं असलं तरी पहिल्या पत्रात त्याची जागा नाही, कारण ते वाचल्यावर बाई पुढचं वाचणार नाहीत, आपली बाजू मांडायला लागतील. औषधाचं नाव आणि मात्रा नाही. ती चिठ्ठीत असू दे. तो किती दिवसांनी जातो, शी कशी होते, हा तपशील नाही. ती त्याची खाजगी बाब आहे. कायद्याचा उल्लेख नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्याला मनाई आहे, आणि गरज पडली तर त्याचा आधार घेता येतो. पण तो मुख्याध्यापकांपुढे, दोन भेटींनंतरही कुणी मुलाला वर्गात उभं करून लाजवत असेल तेव्हा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत मात्र दोन ओळी स्पष्ट मागून घ्या: निदान काय आहे, आणि शाळेत कधीही तसंच ठरलेल्या वेळी शौचालयाला जाऊ देणं हा उपचाराचा भाग आहे. "उपचाराचा भाग" या शब्दांनी बाईंनाही आधार मिळतो. वर्गात साठ मुलं असली की एकाला सोडलं तर दहा हात वर होतात, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. हातात चिठ्ठी असली की "त्याला डॉक्टरांनी सांगितलंय" एवढं म्हणून त्यांना इतरांना गप्प करता येतं, आणि पर्यवेक्षकांनाही दाखवता येतं.

पत्र बंद पाकिटात स्वतःच्या हाताने द्या. सोहमच्या डायरीत चिकटवू नका, शेजारच्या बाकावरचं मूल वाचतं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नको. आणि देण्याआधी सोहमला सांगा की बाईंना काय लिहिलं आहे. आपल्यामागे मोठ्यांनी आपल्या शीबद्दल बोलणं मुलांना फार लागतं. निळं कार्ड त्यालाच बनवू द्या, कंपासपेटीत मावेल एवढं, त्यावर काहीही लिहायचं नाही. घरी दोन-तीनदा सराव करा: उठायचं, कार्ड टेबलावर ठेवायचं, बाहेर जायचं. करंगळी वर करून सगळ्यांसमोर विचारण्यापेक्षा मुलांना हे पुष्कळ सोपं जातं.

भेटीत बाई बहुधा तीन गोष्टी म्हणतील. पहिली, "तो तास बुडवायला जातो." त्यांना म्हणा, पहिले दोन आठवडे तसं झालं तरी चालू द्या आणि तो कधी गेला याची वहीत नुसती खूण करा. जाणं वेगवेगळ्या वेळी विखुरलेलं असेल तर ते शरीराचं आहे. रोज फक्त गणिताच्या तासालाच जात असेल तर गणिताबद्दल वेगळं बोलू, पण तेव्हाही शौचालय बंद करायचं नाही. दुसरी, "त्याला केळी द्या, पालेभाज्या द्या, औषधाची सवय लागेल." पेरू, पपई, भिजवलेले अंजीर, भाकरी, उसळ हे द्यायचंच, आणि दूध दिवसाला दोन कपांच्या आत ठेवायचं. पण सैल पडलेला गुदाशय नुसत्या आहाराने पूर्ववत होत नाही. ही पावडर शरीरात जवळजवळ शोषली जात नाही, मळात पाणी धरून ठेवते, आणि आतड्याला तिची सवय लागत नाही. तिसरी गोष्ट बाई क्वचितच बोलून दाखवतात, पण त्यांच्या मनात असते: सात वर्षांच्या मुलाला एकट्याला कॉरिडॉरमधून कसं पाठवायचं? म्हणून मावशींचं नाव तुम्हीच आधी काढा. मावशींना स्वतः भेटा, नमस्कार करा, दोन शब्द बोला. शाळेतल्या या सोयीची निम्मी मदार त्यांच्यावर असते.

बाईंकडे आणखी एक मदत मागता येईल, पत्रात नाही, भेटीत. शी दाबून धरणारं मूल कसं दिसतं ते त्यांना सांगा: पाय एकमेकांवर घट्ट आवळून बसणं, टाचा उचलून ताठ उभं राहणं, बाकाच्या कडेवर पुढेमागे होणं, चेहरा लाल होणं, कोपऱ्यात जाऊन गप्प उभं राहणं. बघणाऱ्याला हे चुळबुळ किंवा खोडी वाटतं, आणि पालकांना तर बऱ्याचदा वाटतं की मूल जोर लावतंय. प्रत्यक्षात ते धरून ठेवत असतं. असं दिसलं तर बाईंनी कारण न विचारता त्याच्या बाकाजवळून जाताना हळूच "जाऊन ये" म्हणावं. त्या वेळेला गेलेलं मूल बऱ्याचदा शी करून येतं. सोहम वारंवार लघवीला मागत असेल तर तेही सांगा. भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाब देतो, त्यामुळे अशा मुलांना लघवीची घाई होते, कधी कधी चड्डी ओलीही होते. बाईंना वाटतं आता हाही बहाणा सुरू झाला.

किती दिवस हे चालेल, असं त्या विचारतील. खरं ते सांगा. औषध निदान दोन महिने, आणि सगळी लक्षणं जाऊन किमान एक महिना झाल्याशिवाय कमी करायचं नाही, तेही हळूहळू. दीड वर्षाचा त्रास असलेल्या मुलाला प्रत्यक्षात यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. म्हणून सवलत पूर्ण शैक्षणिक वर्षासाठी मागा आणि महिन्याने एकदा भेटायचं ठरवा. आठ दिवस चड्डी स्वच्छ राहिली की घरचे आणि शाळा दोघेही सैल सोडतात, पावडर अर्धी होते, दहा मिनिटांची वेळ बुडते, आणि तीन आठवड्यांत सगळं पुन्हा सुरू होतं. बिघडण्याची पहिली खूण चड्डीवर दिसत नाही. त्याआधी शी मोठी आणि कडक होऊ लागते, दोन शींमधलं अंतर वाढतं, भूक मंदावते. घरी कॅलेंडरवर रोज एक खूण करत जा: झाली की नाही, मऊ की कडक. दोन दिवस कोरे गेले की तुमच्या डॉक्टरांना फोन करा, आणि बाईंनाही सांगा की या आठवड्यात दुपारची वेळ चुकवू नका.

शेवटचं, पत्राच्या तीन प्रती काढा. एक बाईंना, एक मुख्याध्यापकांना माहितीसाठी, आणि एक बाईंना विचारून वर्गाच्या हजेरीपटात ठेवायला. बाई रजेवर गेल्या की बदली शिक्षिका येतात, खेळाच्या तासाला सर असतात, आणि अशाच दिवशी "बस खाली" असं ऐकून मूल पुन्हा धरून ठेवायला लागतं. हजेरीपट ज्याच्या हातात जाईल त्याला ती प्रत दिसेल.